पांढरी काठी दिसली की दंड धरून ओढू नका

दादरला पश्चिम रेल्वेच्या फलाटावर पांढरी काठी घेतलेला माणूस मध्य रेल्वेकडे निघालेला दिसला, की लोक एकतर न बघितल्यासारखं करतात, नाहीतर काही न बोलता त्याचा दंड धरून चालायला लागतात. माझ्या मते हे दुसरं जास्त वाईट. काठीचा हात धरलात तर पुढे काय आहे हे सांगणारी काठीच थांबते. मागून ढकललंत तर पायरीवर आधी पाय त्याचा पडतो, तुमचा नाही. मग तो अडखळतो आणि लोक म्हणतात, 'बिचाऱ्याला दिसत नाही ना!'

आधी बोला. गर्दीत नुसतं 'मदत हवी का?' म्हटलं तर ते कोणाला विचारलं हे त्याला कसं कळणार? कोपराच्या वर हलकासा स्पर्श करा आणि म्हणा, "नमस्कार, मी तुमच्या उजवीकडे उभा आहे. पूल चढायचाय का?" आवाज नेहमीचाच ठेवा, त्याला ऐकू उत्तम येतं. सोबत कोणी असेल तरी प्रश्न त्यालाच विचारा. 'यांना कुठे जायचंय?' असं सोबत्याला विचारणं अपमानाचं आहे. 'नको' म्हणाला तर विषय संपला. कदाचित तो खांब मोजत असेल, किंवा हँडिकॅपच्या डब्याच्या जागी वाजणारी बीप ऐकत असेल. तुमच्या आग्रहात ती बीप बुडते.

'हो' म्हणाला तर तुमचा हात पुढे करा. तो काठी नसलेल्या हाताने तुमचं कोपर, जरा वरच्या बाजूला, धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. तुमचं शरीर वर गेलं, खाली गेलं, वळलं, सगळं त्याला तिथूनच समजतं. जिन्यापाशी क्षणभर थांबा आणि "वर जाणारा जिना, कठडा तुमच्या डावीकडे" असं सांगा. नुसतं 'जिना आला' अपुरं आहे, कारण वर की खाली यावर पाय कसा टाकायचा ते ठरतं. सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या पायरीला. आपण वर पोचून चालू पडतो, तो मात्र अजून एक पायरी असेल म्हणून पाय उचलतो आणि तोल जातो. वर पोचल्यावर थांबा आणि "संपला" म्हणा. पुलावर चिंचोळी जागा आली की तोच हात पाठीमागे न्या, तो आपोआप तुमच्या मागे येतो.

'इकडे', 'तिकडे', 'तो बघा तिथे' हे शब्द टाळा. "तीन पावलांवर, उजव्या हाताला" म्हणा. 'बघू', 'भेटू' मात्र खुशाल म्हणा, अंध माणसंही तसंच बोलतात. आणि ओळखीच्या माणसाला 'सांग बघू मी कोण?' असं कोड्यात कधीच टाकू नका, सरळ नाव सांगा.

फलाटावर पोचलात की त्याचा हात खांबाला किंवा बाकाच्या पाठीला लावून द्या. कड कोणत्या बाजूला आणि किती पावलांवर आहे ते सांगा. मग "मी निघतो" म्हणूनच निघा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो.