एकच ओळ, सगळ्या रोगांना तीच ओळ

आज दुपारी सव्वातीनला नव्या लॅपटॉपला बाहेरचा सीडी ड्राइव्ह जोडला, आमच्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरची जुनी सीडी घातली, SETUP.EXE वर दोनदा टिचकी मारली आणि स्क्रीनवर हे आलं:

```
This app can't run on your PC
To find a version for your PC, check with the software publisher.
```

खाली एकच बटण, Close. दुसरं काही नाही. का चालत नाही, काय कमी आहे, एरर नंबर काय, काही नाही. पब्लिशरला विचारा म्हणे! अहो, ज्यांनी ही सीडी विकली त्यांच्या ऑफिसच्या जागी आज मोबाईल कव्हरचं दुकान आहे. सीडीच्या पाकिटावरचा नंबर लावला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून बाई सांगते. कोणाला विचारू?

आणि माझ्यासमोर कोण बसलंय, तर पतसंस्थेचे सचिव. सप्टेंबर सुरू आहे, तीस तारखेच्या आत वार्षिक सभा झाली पाहिजे, त्याआधी अहवाल सभासदांच्या हातात पडला पाहिजे. बत्तीस पानांचा अहवाल. गेली अठरा वर्षं तीच फाइल उघडतो, ताळेबंदाचे आकडे बदलतो, अध्यक्षांचं मनोगत बदलतो, दिवंगत सभासदांची यादी बदलतो आणि छापतो. ती फाइल त्या सॉफ्टवेअरच्याच फॉन्टमध्ये आहे. युनिकोड नाही. तो फॉन्ट नसेल तर 'सभासद बंधू-भगिनींनो' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी दिसते. ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.

ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथे फोन केला. पोरगा म्हणाला, "काका, तो एआरएम आहे, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर. जुनं काही चालणार नाही त्यावर." मग घेताना का नाही बोललास? "तुम्ही बॅटरी किती चालते ते विचारलंत, ते मी सांगितलं." खरं आहे, बॅटरी दिवसभर चालते. लॅपटॉप गरम होत नाही, आवाज करत नाही. पण पंधरा मिनिटं मी त्याला सांगत होतो की माझं डीटीपीचं काम आहे, जुन्या फाइल आहेत. तेव्हा मान हलवत होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत प्रोसेसरचं नाव आहे, पण याच्यावर इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात आणि जोडलेली उपकरणं चालवणारे इंटेलचे ड्रायव्हर अजिबात चालत नाहीत, हे वाक्य कुठेही नाही. सेटिंग्जमध्ये System, मग About उघडलं की System type समोर 'ARM-based processor' दिसतं. म्हणजे पैसे दिल्यावर दिसतं!

आता मला राग कशाचा आहे ते नीट सांगतो, कारण रात्री नऊपर्यंत बसून मी त्या फाइलच्या आत काय आहे ते शोधून काढलं. त्या पोराचं अर्धं खोटं निघालं. तो अडथळा एआरएमचा नव्हताच.

प्रत्येक इएक्सइ फाइलच्या सुरुवातीलाच ती कोणत्या जातीची आहे ते लिहिलेलं असतं. पॉवरशेलमध्ये एवढंच टाकायचं:

```
Format-Hex D:\SETUP.EXE | Select-Object -First 40
```

पहिले दोन बाइट 4D 5A, म्हणजे MZ. ते सगळ्याच इएक्सइत असतात. मग 3C या जागेवर एक आकडा असतो, तो खरं लेबल कुठे आहे ते सांगतो, आणि त्याचे बाइट उलट्या क्रमाने वाचायचे. त्या जागी 50 45, म्हणजे PE, दिसलं की प्रोग्रॅम ३२ किंवा ६४ बिटचा. PE नंतर दोन शून्यं सोडून 4C 01 असेल तर ३२-बिट इंटेल, 64 86 असेल तर ६४-बिट इंटेल, 64 AA असेल तर खास एआरएमसाठी बनवलेला. माझ्या SETUP.EXE मध्ये त्या जागी 4E 45 होतं. NE. म्हणजे विंडोज ३.१ च्या जमान्यातला १६-बिट प्रोग्रॅम.

तिथेच उलगडा झाला. एआरएमवरच्या विंडोज ११ मध्ये ३२-बिट आणि ६४-बिट इंटेल प्रोग्रॅमचं भाषांतर करणारा एम्युलेटर आहे. २०१७ साली विंडोज १० एआरएमवर आलं तेव्हा फक्त ३२-बिट चालायचे, २०२१ ला विंडोज ११ बरोबर ६४-बिटही आले, २०२४ ला प्रिझम नावाचा नवा एम्युलेटर आला. पण १६-बिट त्यात नाहीच. आणि इंटेलच्या ६४-बिट विंडोजवरही ते चालत नाहीत, काही मोजके ओळखीचे जुने इंस्टॉलर सोडले तर. पूर्वी ३२-बिट विंडोज घेऊन वेळ मारून नेता यायची, पण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच काढली नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट तर पुढेच आहे. सीडीतलं खरं सॉफ्टवेअर १६-बिट नाहीच! ते ३२-बिट आहे. त्या काळी कंपन्या इंस्टॉलरचं दार १६-बिटचं ठेवायच्या, कारण लोकांकडे विंडोज ३.१ पण असायचं आणि ९५ पण. घर चांगलं धडधाकट, फक्त दरवाजा कुजलेला. आणि विंडोज मला सांगतं की घरच राहण्यालायक नाही.

एक शब्द लिहिला असता, 'हा इंस्टॉलर १६-बिटचा आहे', तर माझे सहा तास वाचले असते. विंडोजला हे माहीत असतं, फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. विंडोज ७ निदान तुमचं विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते तपासा म्हणून सांगायचं. काही तरी धागा मिळायचा. पुढच्या आवृत्तीत तेवढंही काढून टाकलं. आता फाइल १६-बिटची असली तरी हीच ओळ, डाउनलोड अर्धवट होऊन फाइल खराब झाली तरी हीच ओळ, विंडोज १० वाल्या एआरएम मशीनवर ६४-बिट इंस्टॉलर उघडला तरी हीच ओळ. ताप असो, फ्रॅक्चर असो, डॉक्टर एकच चिठ्ठी लिहून देतो तसं. आणि चिठ्ठीवर 'दुसऱ्या डॉक्टरला विचारा'.

मग काय केलं? कोपऱ्यातलं जुनं एक्सपीचं मशीन पुसून चालू केलं. त्याच्या Program Files मधला सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, Fonts मधले आमचे फॉन्ट घेतले, लॅपटॉपवर टाकले. इंस्टॉलरला हातच लावला नाही. त्यातल्या मुख्य इएक्सइचे बाइट आधी बघितले, 4C 01, ३२-बिट. डबल क्लिक केलं. खिडकी उघडली! तीच जुनी राखाडी टूलबार, तोच 'नवीन फाइल' चा चौकोन. सचिव उठून उभे राहिले. मला वाटलं, जिंकलो.

दोन सेकंदांनी मधोमध पेटी आली की हार्डवेअर लॉक सापडत नाही.

जुन्या डीटीपीवाल्यांना माहीत आहे तो लॉक. पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्याला खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. खोचला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. इथे मात्र दोष खरोखर एआरएमचा आहे, आणि हेच कोणी सांगत नाही. एम्युलेटर फक्त प्रोग्रॅमचं भाषांतर करतो. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि तिथे भाषांतर चालत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला पाहिजे, नाहीतर नाही. लॉकच्या ड्रायव्हरची inf फाइल नोटपॅडमध्ये उघडली, ३२-बिट इंटेलचं NTx86 आणि ६४-बिट इंटेलचं NTamd64 सापडलं, एआरएमचं NTarm64 औषधालाही नाही. म्हणजे त्याच कंपनीने इंटेलच्या ६४-बिटसाठी ड्रायव्हर केला होता! साधा इंटेलचा लॅपटॉप घेतला असता तर आज रात्री मी घरी जेवायला गेलो असतो.

माझा जुना स्कॅनरही याच कारणाने मुका झाला, तो गेल्या आठवड्यातच. तेव्हा वाटलं होतं की केबल खराब आहे. केबल बदलली, अडीचशे रुपये गेले. आणि जे म्हणतात ना, 'व्हर्च्युअल मशीन टाक, त्यात एक्सपी चालव', त्यांच्यासाठी सांगतो, एआरएम लॅपटॉपवर विंडोजची व्हर्च्युअल मशीनची जी सोय आहे, हायपर-व्ही, तिच्यात आत चालवायचं विंडोजही एआरएमचंच लागतं. एक्सपी तिथे बसत नाही. क्यूईएमयूसारख्या साधनाने अख्खा इंटेल प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करता येतो, पण तो इतका हळू की बत्तीस पानं लावेपर्यंत सभा होऊन जाईल. 'कम्पॅटिबिलिटी मोड लाव' म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो. तो मोड प्रोग्रॅमला वागणूक बदलून देतो, १६-बिटचा ३२-बिट करत नाही आणि ड्रायव्हरला जन्म देत नाही.

आणि या सगळ्यात माझी चूक म्हणतात. जुनं कशाला वापरतोस, नवं घे. अहो, अठरा वर्षांचे अहवाल, चारशेच्या वर लग्नपत्रिका, दोन गावांच्या देवस्थानांच्या पावत्या, माझ्या स्वर्गीय काकांनी लिहिलेली घराण्याची वंशावळ, हे सगळं त्या फॉन्टमध्ये आहे. ते नवं कसं घ्यायचं? मला माझी फाइल उघडू द्या, एवढंच मागतोय.

शेवटी सचिवांना उद्या सकाळी अकराचा वायदा केला. एक्सपीवर फाइल उघडली आहे. तिथून पानं छापून घेतली आणि शेजारी लॅपटॉपवर युनिकोडमध्ये हाताने टाइप करत बसलोय. आत्ता नवव्या पानावर आहे, कर्जवसुलीचा तक्ता. त्यात एकशे चौदा ओळी आहेत.