कापडी पिशवीची टॅगलाईन: वॉर्ड ऑफिसला माझी एक विनंती

वॉर्ड ऑफिसने कापडी पिशवीच्या मोहिमेसाठी टॅगलाईन सुचवा म्हणून सांगितलंय आणि ग्रुपवर धडाधड ओळी यायला लागल्यात. 'प्लास्टिक हटवा, पर्यावरण वाचवा', 'कापडी पिशवी हाती, वाचवू आपली माती', 'स्वच्छ प्रभाग, सुंदर प्रभाग'. लोकांनी मनापासून लिहिलंय, यमकं पण छान जुळवलीत. पण मला यातली एकही ओळ नको वाटते, आणि का ते जरा सविस्तर लिहितोय, कारण एकदा बॅनर छापून झाले की कोणी ऐकत नाही.

प्लास्टिक वाईट आहे हे आता कोणाला सांगायला लागत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, दंड पहिल्या वेळेलाच 5000 रुपये आहे, शाळेतली पोरं पण सांगतील की गटार कशाने तुंबतं. तरी माणूस दुकानात रिकाम्या हाताने उभा असतो. त्याला विचारा, तो असं म्हणणार नाही की मला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. तो म्हणेल, 'अहो घरी आहेत हो चार पिशव्या, आणायची राहिली.' म्हणजे प्रॉब्लेम विसरण्याचा आहे. आणि विसरणं कुठे होतं? दुकानात नाही, ते घराच्या दारात होतं, चपला घालताना. किंवा ऑफिसातून परत येताना, जेव्हा बाजारात जायचं ठरलेलंच नसतं आणि वाटेत काहीतरी दिसतं. टॅगलाईनला त्या दोन क्षणांत आठवण करून द्यायचीये. 'पर्यावरण वाचवा' ही ओळ चपला घालताना कोणाच्याही डोक्यात येत नाही.

आता घरातून निघताना आपण काय करतो बघा. खिसा चाचपतो. किल्ली घेतली का, मोबाईल घेतला का. हे प्रत्येक घरात, प्रत्येक वयाचा माणूस करतो, कोणी शिकवलेलं नाही. मग त्याच यादीत तिसरी वस्तू टाकायची. माझी सूचना एवढीच आहे:

किल्ली, मोबाईल, पिशवी.

तीन शब्द. यमक नाही, उपदेश नाही, क्रियापद पण नाही. पण जी सवय आधीच पक्की आहे तिच्या शेपटाला नवीन सवय बांधली की ती टिकायची शक्यता जास्त असते, कारण आठवण करून द्यायला वेगळं काही लागत नाही, किल्ली हातात आली की पुढचा शब्द आपोआप येतो. 'मोबाईल, किल्ली, पिशवी' असं पण करून बघितलं, पण मला पहिला क्रम जास्त आवडला, किल्ली हाच शब्द दाराजवळचा आहे आणि पिशवी शेवटी आली की आवाज तिथेच थांबतो. आजी नातवाला दारातून ओरडून म्हणू शकेल अशी ओळ आहे ही. 'पर्यावरण वाचवा' असं कोण कोणाला ओरडून म्हणतं?

काहीजण म्हणतील ही ओळ फारच साधी आहे, अभिमान वगैरे काही नाही त्यात. तर तामिळनाडूचं उदाहरण घ्या. तिथे डिसेंबर 2021 मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी 'मींडुम मंजप्पै' मोहीम सुरू केली, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी. ही पिवळी कापडी पिशवी तिथल्या घराघरात पूर्वी होतीच, कपड्याच्या दुकानातून मिळायची, लग्नात मिळायची, आणि मधल्या काळात ती हातात असणारा माणूस गावंढळ समजला जायला लागला. सरकारने नवीन घोषणा शोधत बसण्यापेक्षा लोकांच्या ओळखीची वस्तूच मोहिमेचं नाव केली. त्यात पृथ्वी नाही, हिरवं पान नाही, फक्त पिशवी आहे. बाजारात मशीनही बसवली, 10 रुपये टाकले की पिवळी पिशवी बाहेर, म्हणजे घरून आणायला विसरलेल्याची पण सोय. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, ओळ आणि व्यवस्था एकाच माणसाचा विचार करतायत, जो विसरलाय त्याचा.

पुढचा मुद्दा, ओळ छापायची कुठे. सगळे गृहीत धरून चाललेत की पिशवीवरच. पण पिशवी विसरली जाते तेव्हा ती घडी करून कपाटात किंवा दुसऱ्या पिशव्यांच्या पोटात असते, त्यावरची ओळ कोण वाचणार? 'किल्ली, मोबाईल, पिशवी' ही ओळ दाराच्या आतल्या बाजूला कडीच्या उंचीवर स्टिकर म्हणून हवी, लिफ्टमध्ये हवी, सोसायटीच्या गेटच्या आत हवी. पार्किंगमध्ये पण, गाडीच्या डिकीत एक पिशवी कायमची ठेवा हे सांगायला. ऑफिसवरून परतताना बाजारात थांबणाऱ्याला दारातलं स्टिकर उपयोगाचं नाही, त्याला डिकीतली पिशवीच वाचवते. आणि दुकानदारांनाही एक छोटं वाक्य द्या, 'पिशवी देऊ का?' विचारण्याऐवजी 'पिशवी आणलीये ना?' विचारायला सांगा. पहिल्या प्रश्नाला हो म्हणणं सोपं आहे, दुसऱ्याला नाही म्हणताना माणूस जरा अडखळतो, आणि तेवढं अडखळणं पुढच्या वेळेसाठी पुरतं.

पिशवीवर मात्र कमीत कमी छापा प्लीज. अर्ध्या पिशवीवर फोटो आणि शुभेच्छुकांची नावं असली की माणूस ती चारचौघांत मिरवत नाही, ती माळ्यावर जुने कपडे भरायला जाते.

आणि कळकळीची गोष्ट, पिशवी खरंच कापडाची असू द्या. 'कापडी' म्हणून जे वाटलं जातं त्यातलं बरंचसं नॉन-वोव्हन असतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. ओळखायला सोपं आहे. जवळून बघा, कापडात आडवे-उभे धागे दिसतात, नॉन-वोव्हनमध्ये धागे नसतात, बारीक ठिपक्यांची नक्षी दाबलेली असते. कडेचा छोटा तुकडा सांभाळून जाळून बघा, सुती कापडाची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, नॉन-वोव्हन वितळून त्याचा कडक गोळा होतो. टेंडरमध्ये नुसतं 'कापडी पिशवी' न लिहिता 'विणलेलं सुती कापड' असं लिहिलं तर हा घोळ होणार नाही.

सुती असली तरी फुकट वाटायची घाई करू नका. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2011 मध्ये हिशोब मांडला होता, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर सुती पिशवी निदान 131 वेळा वापरली तरच ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा बरी ठरते. कापसाला पाणी, खत, वीज सगळं लागतं. गटारं तुंबणं, गाईच्या पोटात जाणं या हिशोबात नाही, तिथे कापड सरळ जिंकतं. पण आठवड्यातून दोनदा धरलं तरी 131 म्हणजे सव्वा वर्ष, एकच पिशवी. 'मोफत पिशवी घेऊन जा' असं बॅनर लावलं तर लोक घरटी पाच नेतील आणि एकही सव्वा वर्ष टिकणार नाही. त्यापेक्षा घरात आहेत त्याच बाहेर काढायला लावणारी ओळ स्वस्त पण आहे आणि बरोबर पण.

निवड करताना कमिटीने टेबलाभोवती बसून टाळ्या कशाला पडतात ते बघू नये एवढंच म्हणणं. आलेल्यातल्या तीन-चार ओळी वेगवेगळ्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आठवडाभर लावा, नंतर जवळच्या दुकानदारांना विचारा की कुठल्या बिल्डिंगची माणसं पिशवी घेऊन यायला लागली. माझी ओळ त्यात मागे पडली तर जी पुढे येईल ती छापा, माझी काही तक्रार नाही.