आधी कोयऱ्या मोजा

"साडीचा कुठलाही एक फोटो टाका आणि 'याच कापडाची कुर्ती दाखव' असं लिहा. एआय प्रिंट हुबेहूब उचलतं. नक्षी बिघडलीच तर 'प्रिंट बदलू नकोस' असं प्रॉम्प्टमध्ये घाला आणि चित्र मोठं करून घ्या."

असा सल्ला ऐकायला मिळतो, पण तो फसतो. नौपाड्यात आम्ही जुन्या साड्यांच्या कुर्त्या शिवून देतो. कुर्ती कशी दिसेल ते कात्री लावायच्या आधी चित्रात दाखवतो. चित्र फसवं निघालं तर साडी हातची जाते, म्हणून हे लिहितेय.

मध्यंतरी एक काकू बॉटल ग्रीन सुती साडी घेऊन आल्या. पन्हा 45 इंच. अंगभर इंचभराच्या कोयऱ्या, ओळीत दर 2 इंचांवर एक, आणि पुढची ओळ इंचभर सरकलेली, विटांच्या भिंतीसारखी. त्यांच्या लेकीनं मोबाइलवर एआयकडून करून दिलेलं चित्र दिसायला छान होतं. पण कुर्तीची छाती सपाट मापात 20 इंच, म्हणजे आडव्या ओळीत दहा कोयऱ्या हव्यात. चित्रात सहाच होत्या, काहींची शेपटी उलट्या बाजूला वळली होती आणि बाहीवर तर नुसती पानं होती.

असं का होतं? चित्रं करणाऱ्या स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली एआय मॉडेलं चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाहीत. आधी ते उंची-रुंदीत आठपट आकसतात, तिथे काम करतात आणि मग पुन्हा फुलवतात. काकूंच्या चित्रात छाती साधारण 500 पिक्सेल रुंद होती, म्हणजे इंचाला 25 पिक्सेल. आकसल्यावर त्या कोयरीच्या वाट्याला जेमतेम तीन बाय तीन घरं येतात. तेवढ्यात बाकदार शेपटी आणि पोटातले ठिपके मावणार कसे? फुलवताना मॉडेल तिथे अंदाजाने काहीतरी भरतं. नमुना म्हणून दिलेला फोटो बऱ्याचदा 224 × 224 पिक्सेलचा करूनच वाचला जातो. त्यात 45 इंचांचा पन्हा बसवला तर कोयरी पाच पिक्सेलची उरते. मॉडेलला 'हिरव्यावर छोटी कोयरी' एवढंच कळतं. नवी मॉडेलं जास्त जपतात, पण मोजल्याशिवाय त्यांच्यावरही भरवसा ठेवू नका.

म्हणूनच प्रॉम्प्टमध्ये बजावून काही होत नाही. जो तपशील आत पोचलाच नाही, तो शब्दांनी कुठून येणार? चित्र मोठं केलं तर चुकलेली कोयरी आणखी रेखीव दिसते, इतकंच.

फोटोही कुठलाही चालत नाही. नेसलेल्या साडीत निम्मी नक्षी निऱ्यांत गेलेली असते. आम्ही साडी इस्त्री करून जमिनीवर पसरतो, शेजारी टेप ठेवतो आणि खिडकीच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढतो. तरी तिरपेपणा राहिलाच तर काठाची रेघ सरळ येईपर्यंत तो काढायचा. मग नक्षीचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा कापायचा. ओळी सरकलेल्या असल्यानं एक कोयरी घेऊन भागत नाही, एकाखाली एक अशा दोन ओळी घ्याव्या लागतात. तुकडा शेजारी शेजारी लावून बघितला की जोड कुठे चुकला ते लगेच दिसतं.

मॉडेलकडून फक्त कोरी पांढरी कुर्ती करून घ्यायची. पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या वेगळ्या निवडून प्रत्येकावर तो तुकडा इंचाला 25 पिक्सेल याच मापात पसरायचा, घड्यांप्रमाणे हलका वळवायचा आणि फोटो एडिटरमधल्या 'मल्टिप्लाय'ने पांढऱ्या कुर्तीची सावली त्यावर उतरवायची. बाहीच्या शिवणीवर नक्षी तुटली तर तुटू द्या, शिवलेल्या कपड्यातही ती तुटतेच. शेवटी 'एकजीव व्हावं' म्हणून सगळं चित्र परत मॉडेलमधून काढू नका, नक्षी पुन्हा त्याच आठपट आकसण्यातून जाते. कडाच सुधारायच्या असतील तर नंतर मूळ नक्षी वर परत बसवा.

दिशाही बघायची. काकूंच्या साडीत कोयरीचं टोक वरच्या काठाकडे होतं, त्यामुळे कुर्तीची उंची पन्ह्यात धरली तरच कोयऱ्या उभ्या राहतात आणि खालचा काठ घेराला येतो. म्हणजे कुर्ती 45 इंचांहून लांब होणार नाही. चित्रात मात्र घोट्यापर्यंत पोचलेली कुर्ती कोणीही दाखवू शकतं.

ही रीत सरळ कटाच्या कुर्तीला चालते. चुण्यांच्या घेराला नाही, कारण कापड चुणीत आखडत नाही, लपतं. कोयरी अर्धी घडीत जायला हवी, आणि चित्र नुसतं वळवलं तर ती पूर्णच दिसते, पण चिमटलेली. घेरदार कपड्यासाठी थ्रीडीत कापडाचे भाग मापाने कापून शिवावे लागतात. तेवढा वेळ नसेल तेव्हा आम्ही चित्र दाखवतच नाही, साडीच अंगाला लावून चुण्या टाचून दाखवतो.