खोबरेल गोठलं की क्रीम काढा

परभणीत चाळिशीतल्या पुरुषानं तोंडाला काहीतरी चोपडणं ही घरादाराची फुकटची करमणूक असते. आमच्या आरशाखाली त्वचा कोरडी पडू नये म्हणून लावायच्या जेल, लोशन आणि क्रीम अशा तीन बाटल्या माझ्या, आणि चौथी खोबरेल तेलाची, ती आईची. तिच्या मते तिघींचं काम ही एकटी करते अन् पैसेही कमी खाते.

खरा घोळ सुरू होतो आषाढात. हवा एवढी ओली की दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, घाम अंगावरच मुक्काम ठोकतो. त्यावर जाड क्रीम लावलं की कपाळावर तेलाचा थर, त्याखाली घाम. मान, काख असल्या घड्यांमध्ये तर पावसाळ्यात क्रीम जाऊच देऊ नये. तिथं ओल कोंडली की घामोळं अन् नायटा दोघंही राहायला येतात. म्हणून मी जेलवर येतो. जेल म्हणजे मुख्यतः पाणी, थोडं ग्लिसरीन आणि ते घट्ट दिसावं म्हणून घातलेला पदार्थ. पाणी उडून जातं, ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. बाहेर हवाच दमट, त्यामुळं वरून तेलाचं झाकण लागत नाही.

पण जेलला घाईचा माणूस सोसत नाही. एकदा मी भरपूर जेल चोळलं, ते वाळायच्या आत सनस्क्रीन लावलं अन् तसाच शाळेत गेलो. तिथं गाल पुसला तर बारीक पांढऱ्या वळ्या सुटायला लागल्या. शेजारचे सर म्हणाले, "काय हो, तोंड खोडरबरानं पुसायलात का?" जेल जास्त झालं आणि चोळत बसलं की वर राहिलेला पातळ पापुद्रा असा गोळा होतो. हरभऱ्याएवढं घ्यावं, थापटून बसवावं आणि चहा उकळेपर्यंत तोंडाला हात लावू नये. घामेजलेल्या तोंडावर तर लावूच नये. बऱ्याच जेलांवर चिमूटभर मीठ टाकून बघा, घट्टपणा सोडून पाणी होतं. घामातही मीठच असतं की.

जेल सोडायचं कधी, यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. आईचा नियम सोपा: "बाटलीतलं तेल गोठलं की हिवाळा आला. तवर कशाला लावायलास रं?" नियम तसा वाईट नाही. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे बाटली हा बिनपैशाचा तापमापकच झाला. पण त्वचेला थंडीपेक्षा हवेतला कोरडेपणा आधी कळतो, आणि तो बाटलीला मोजता येत नाही. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हात तेल पाण्यासारखं पातळ, आणि माझ्या नडगीवर नखानं रेघ ओढली तर पांढरीफटक उमटते. आंघोळ करून अंग पुसलं की गाल ओढल्यासारखे होतात. जेलमधलं ग्लिसरीन बिचारं ओल धरायला बघतं, पण वर झाकण नसल्यानं कोरडी हवा ती ओढून नेते. हे दिवस लोशनचे. त्यात पाण्याच्या जोडीला थोडं तेल असतं, क्रीमपेक्षा कमी.

डिसेंबरात मात्र बाटली आणि नडगी यांचं एकमत होतं. कृषी विद्यापीठातला पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी छापून येते आणि क्रीम बाहेर निघतं. पण आमच्याकडची थंडी अर्धवेळ नोकरी करते. सकाळी स्वेटर, दुपारी ऊन चटचटतं, आणि सकाळी लावलेलं क्रीम कपाळावर चकाकायला लागतं. यावर तोडगा असा की सगळ्या अंगाला एकच नियम लावायचा नाही. कपाळ आणि नाक स्वतःचं तेल भरपूर गाळतात, तिथं लोशनचं बोट फिरवलं तरी पुरे. नडगीवर तेलाच्या ग्रंथी मोजक्याच, तिथं क्रीम. तेही आंघोळीनंतर अंग टिपून, पण ओलसर असतानाच, न्हाणीघरातच. क्रीम आहे ती ओल कोंडून ठेवतं. खडखडीत वाळल्यावर फासलं तर कोंडायला काही उरतच नाही. आणि बंबातलं कढत पाणी अंगावर ओतून, साबणानं खसाखसा घासून मग क्रीमला शिव्या द्यायच्या नाहीत. अंगचं तेल आपणच मोरीत वाहून घालवलेलं असतं.

आईला यातलं काही पटत नाही. मात्र यंदा पौषात तिच्या टाचांच्या भेगा एकाएकी भरून आल्या आणि माझी क्रीमची डबी तळाला गेली. विचारलं तर चष्मा पुसत म्हणाली, "दुकानदारानंच कमी भरून दिली असंल."