एकोणपन्नास वॉट गेले कुठे?

नव्या फोनच्या खोक्यावर ‘६७ वॉट’ असं इतक्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं की त्यापुढे फोनचं नावही बिचारं कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं. मी पेट्रोल पंपावर ‘झिरो बघा साहेब’ म्हटल्यावर खरोखर वाकून झिरो बघणारा माणूस. वॉट मात्र आजवर कुणी मोजून दिले नव्हते आणि मीही मोजून घेतले नव्हते. म्हणून साडेसातशे रुपये देऊन यूएसबी पॉवर मीटर मागवला.

मीटर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. चार्जर आणि केबल यांच्या मध्ये ती खोचायची. छोट्या पडद्यावर व्होल्ट दिसतात, अँपिअर दिसतात आणि त्यांचा गुणाकार, म्हणजे वॉट, मोठ्या आकड्यात दिसतो.

संध्याकाळी फोन लावला. आकडा आला ७.

“सदुसष्टातला सहा कुणीतरी खाल्ला,” मी जाहीर केलं.

कन्येने फोनकडे एक नजर टाकली. “बाबा, चौऱ्याऐंशी टक्के चार्ज आहे. जेवण झालेल्या माणसाला किती आग्रह करणार?”

मुद्दा बरोबर होता. लिथियमची बॅटरी रिकामी असताना मोठमोठे घास घेते. भरत आली की तिचा व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकतो आणि फोन आतूनच करंट कमी करत नेतो. ऐंशीच्या पुढे मोजणं म्हणजे पंगत उठताना पोळ्या मोजण्यासारखं. खरा आकडा बघायचा तर पाच-दहा टक्क्यांवरून सुरुवात करायला हवी.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी बॅटरी संपवणं हा कार्यक्रम होता. ज्या घरात ‘माझा चार्ज संपलाय’ यावरून रोज वादावादी होते, तिथे मी टॉर्च लावून, ब्राइटनेस टोकाला नेऊन, गॅलरीत दोन तास फोनचे हाल करत बसलो होतो. शेजारचे आजोबा म्हणाले, “काही हरवलंय का?” म्हटलं, “होय, वॉट.”

सहा टक्क्यांवर आणून, गरम झालेला फोन पंख्याखाली गार करून (तापलेला फोन स्वतःहून हात आखडता घेतो, एवढं मला ठाऊक होतं), कव्हर काढून, पडदा बंद करून फोन लावला. ८.९ व्होल्ट, २ अँपिअर, १७.८ वॉट. पाच मिनिटं थांबलो. दहा मिनिटं थांबलो. सतरा-अठराच्या वर आकडा सरकेना. एकोणपन्नास वॉट बेपत्ता!

चार्जिंग पूर्ण व्हायला एक तास चाळीस मिनिटं लागली आणि त्यानंतर मला दुसरा धक्का बसला. एकूण किती चार्ज गेला तेही हा मीटर मोजतो. तो सांगत होता, २६२० एमएएच. बॅटरीवर छापलंय ५०००! म्हणजे वॉट तर मारलेच, वर बॅटरीही अर्धीच दिली. मी तक्रारीचा मजकूर लिहायला घेतला. ‘महोदय’पर्यंत आलोही होतो.

तेवढ्यात मेहुणा आला. तो इलेक्ट्रिकलवाला, दिवाळीच्या माळासुद्धा टेस्टर लावून घेतो. मजकूर वाचून तो म्हणाला, “भावोजी, पन्नासच्या नोटा आणि शंभरच्या नोटा नुसत्या मोजून बरोबरी करता का हो? बॅटरीतले एमएएच ३.८७ व्होल्टचे. मीटरमधले जवळजवळ ९ व्होल्टचे. रुपये मोजा, नोटा नका मोजू.”

रुपये म्हणजे वॉट-अवर. बॅटरीत ५ अँपिअर-अवर गुणिले ३.८७, म्हणजे सुमारे १९.४ वॉट-अवर मावतात. मीटरच्या खालच्या कोपऱ्यात, मी ढुंकूनही न पाहिलेल्या ओळीत, २३.१ वॉट-अवर होते. म्हणजे बॅटरी पुरती भरली होती. वरचे पावणेचार फोनच्या आतल्या सर्किटमध्ये आणि उष्णतेत गेले. हिशोब चोख. ‘महोदय’ खोडलं.

“पण सदुसष्टाचं काय?”

मेहुण्याने चार्जर उलटा केला. पांढऱ्यावर करड्या, मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, ११ व्होल्ट ६.१ अँपिअर. शेवटच्या जोडीचा गुणाकार केला. ६७.१. दावा खरा होता, पण तो फक्त त्या एका जोडीचा. आणि ती जोडी ठरते चार्जर, केबल आणि फोन यांच्या आपसातल्या बोलण्यातून. तिघांनी एकमेकांना ओळखलं तर ११ व्होल्ट. कुणी परका वाटला तर चार्जर सावधपणे ९ किंवा ५ व्होल्टवर थांबतो.

मग त्याने खोक्यातली केबल माझ्या नाकासमोर धरली. साध्या यूएसबीच्या चपट्या टोकात चार सोनेरी पट्ट्या असतात. हिच्यात पाचवी होती, मधोमध, जरा आत दडलेली. ती ओळखीची खूण. मी मध्ये खोचलेल्या मीटरच्या तोंडात मात्र पट्ट्या चारच.

म्हणजे परका मीच मध्ये घुसवला होता. वधूवर बोलत असताना मध्ये खुर्ची टाकून बसायचं आणि वर तक्रार करायची की ही दोघं मोकळेपणाने बोलतच नाहीत!

मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, फोनपाशी, टाइप-सीच्या बाजूने लावता आला असता. पण त्याच्या पाठीवर ‘कमाल ५ अँपिअर’ असं लिहिलं होतं आणि साडेसातशे रुपयांत ६.१ अँपिअरचा प्रयोग करून बघायची माझी छाती नव्हती. मेहुण्याने वॉट दाखवणारा त्याचा स्मार्ट प्लग आणून दिला आणि मीटर काढून आम्ही भिंतीपाशीच मोजलं. पाच टक्क्यांवर सुरुवात. आकडा उड्या मारत ६८ वर गेला. मी टाळी वाजवली. जेमतेम चार मिनिटांत तो पन्नासच्या खाली आला, मग चाळीस, मग तीस, आणि शेवटची दहा मिनिटं दहा-बारावर रेंगाळला. त्यातही हे भिंतीतून निघालेले वॉट. साधारण दहावा हिस्सा चार्जर गरम करण्यात जातो, म्हणजे फोनला पोचले एकसष्टच्या आसपास.

पण पंचेचाळीस मिनिटांत फोन भरला. तेच २३ वॉट-अवर पाऊण तासात म्हणजे सरासरी ३१ वॉट. खोक्यावर ‘३१’ छापलं असतं तर मी तो फोन घेतला असता का, हे मेहुण्याने विचारलं. मी त्याला चहा विचारला.

साडेसातशे वसूल करायचे म्हणून मग मी केबलींच्या ड्रॉवरकडे वळलो. जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर घेतला, कारण त्याला ओळखीपाळखीची पर्वा नाही. आधी मीटर चार्जरपाशी लावला तर प्रत्येक केबलला ५.१ व्होल्ट. सगळ्या सज्जन. मग फोनच्या टोकाला लावला. बरी केबल ४.९ व्होल्ट आणि १.९ अँपिअर देत होती, म्हणजे नऊ वॉटच्या वर. बायकोच्या उशाची लांबलचक गुलाबी केबल ४.५ व्होल्टवर आली. व्होल्टेज पडतोय म्हटल्यावर फोनने करंटही कमी केला होता, १.१ अँपिअर. पाच वॉट. आत तांब्याची तार केसाएवढी असणार. बऱ्या केबलच्या मानाने फोनपाशी पोचतात जेमतेम निम्मे वॉट.

“तरी मी म्हणत होते, तासन्‌तास लावूनही सत्तरच टक्के का!” बायको म्हणाली. दीड वर्षं ती हे म्हणत होती आणि दीड वर्षं मी ‘बॅटरी म्हातारी झाली’ असं सांगत होतो.

सात केबलींपैकी चार कचऱ्यात टाकल्या. सकाळी पाहिलं तर गुलाबी केबल बाल्कनीत होती. मनी प्लांटचा वेल तिने ग्रिलला घट्ट बांधला होता.