मुद्दल जिथल्या तिथं राहत नाही

«रिटायरमेंटचे ४० लाख मिळाले? ८ टक्क्यांनी ठेवा. वर्षाला ३ लाख २० हजार व्याज घरबसल्या! महागाई ६ टक्के, व्याज ८ टक्के, म्हणजे दरवर्षी २ टक्के फायदाच. महागाईप्रमाणे खर्च वाढवत जा, मुद्दलाला धक्का लागत नाही. कधी जास्त लागलं तर थोडं मोडा, पुढं भरून निघतं. मुद्दल नातवंडांना!»

हा मेसेज गावच्या ग्रुपवर महिनाभर फिरत होता, तोवर मी गप्प होतो. मग तो माझ्या मामाजींकडे पोचला. चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात उभी हयात काढून ते ५८ व्या वर्षी गावी परतले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात ४० लाख आले, आणि कोरडवाहू शेती आहे. ईपीएसची पेन्शन महिन्याला काही हजार, तीही महागाईप्रमाणे वाढत नाही. मी काळजी बोलून दाखवली तर म्हणाले, "कायले चिंता करतं? मुद्दल तं जिथल्या तिथंच राह्यते." म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आठातून सहा वजा केले की दोन उरतात, एवढं बरोबर. पण हे दोन टक्के उरतात कधी? उरलेले सहा टक्के मुद्दलातच राहू दिले तर. ३ लाख २० हजार व्याजापैकी २ लाख ४० हजार खात्यात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे ४० लाखांची किंमत पुढच्या वर्षी तेवढीच राहते. खर्चायला मोकळे फक्त ८० हजार, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या थोडं वर. मेसेज लिहिणाऱ्यानं पूर्ण आठ टक्के खर्चून टाकले आणि वर दोन टक्के फायदाही मोजला. एकच पैसा दोनदा खर्च केला, आणि हे हजारो लोकांनी पुढं पाठवलं.

आता वर्षावार बघा. व्याज वर्षभर साठतं आणि वर्षाच्या शेवटी खर्चाची रक्कम काढली जाते, असं धरू. पहिल्या वर्षी व्याज ३ लाख २० हजार, काढले तेवढेच, शिल्लक पूर्ण ४० लाख. दुसऱ्या वर्षी खर्च ६ टक्क्यांनी वाढून ३ लाख ३९ हजार २०० झाला, व्याज मात्र तेवढंच आलं. १९,२०० रुपये मुद्दलातून गेले. एवढ्यानं कोणाच्या पोटात गोळा येत नाही, आणि धोका इथंच आहे. पाचव्या वर्षाअखेर शिल्लक जवळपास ३७ लाख ८० हजार असते. पाच वर्षं महागाईप्रमाणे खर्च करूनही फक्त सव्वादोन लाख कमी झाले, म्हणजे मेसेज खराच असं माणूस म्हणणार. दहाव्या वर्षी मात्र खर्च ५ लाख ४० हजारांवर जातो आणि आटलेल्या मुद्दलावर व्याज येतं २ लाख ४३ हजार. त्या एका वर्षात जवळपास तीन लाख मुद्दलातून निघतात आणि शिल्लक साडेसत्तावीस लाखांच्या आत येते. तिथून उतार फार जोराचा. तेराव्या वर्षाअखेर १४ लाख ९१ हजार, चौदाव्याअखेर ९ लाख २८ हजार, पंधराव्याअखेर २ लाख ७९ हजार. सोळाव्या वर्षाला लागणार ७ लाख ६७ हजार.

तेव्हा मामाजी ७४ च्या घरात असतील आणि मामी चार वर्षांनी लहान. नातवंडांचं मुद्दल विसरा, मामींच्या औषधाला काय उरेल ते सांगा.

"थोडं मोडा, पुढं भरून निघतं" हे तर सरळ नुकसान करणारं आहे. समजा तिसऱ्या वर्षी विहिरीच्या कामासाठी किंवा नातीच्या लग्नासाठी ३ लाख जादा काढले. खर्च व्याजाच्या पुढं गेलेलाच आहे, मग भरून काढणार कोण? उलट त्या ३ लाखांवर पुढं मिळणारं व्याजही गेलं. हिशेब केला तर पैसा पंधराऐवजी चौदाच वर्षं पूर्ण पुरतो. पंधराव्या वर्षाचा खर्च सव्वासात लाखांचा, तो तिसऱ्या वर्षीच्या ३ लाखांनी गिळला.

महागाई ६ नसून ४ टक्केच राहिली तर? रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ टक्क्यांचंच आहे, दोन वर आणि दोन खाली. तसं धरलं तरी पैसा पूर्ण पुरतो फक्त १८ वर्षं.

८ टक्के व्याज मिळतं, हे मात्र मान्य करावं लागेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर सुरू झाला. पण तिथं एका माणसाला ३० लाखांचीच मर्यादा आहे, आणि दर पाच वर्षांपुरताच बांधलेला. एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२२ मध्ये नवं खातं उघडणाऱ्यांना ७.४ टक्केच मिळाले. साठीच्या आत निवृत्त झालेल्यानं पैसा हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, हेही मेसेजमध्ये नाही. आणि मुद्दल तसंच राहतं हेही खरं, पण खर्च कधीच वाढवला नाही तर. वीस वर्षांनी त्या ३ लाख २० हजारांत आजच्या एक लाखाचाच माल येईल.

मग किती काढावं? विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागारानं १९९४ साली १९२६ पासूनचे आकडे घेऊन हाच प्रश्न सोडवला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमेच्या ४ टक्के काढायचे, नंतर ती रक्कम दरवर्षी महागाईइतकी वाढवायची. मग वाईटात वाईट काळातही पैसा ३० वर्षं पुरला. ते पैसे निम्मे शेअर्समध्ये होते आणि देश वेगळा, त्यामुळे आकडा जशाचा तसा उचलू नये. पण मेसेज त्याच्या बरोबर दुप्पट काढायला सांगतो. आपल्या ८ आणि ६ च्या हिशेबात सुरुवातीला १ लाख ६० हजार काढले तर पैसा ३७ वर्षं पुरतो, २ लाख काढले तर २७ वर्षं. मामाजींना मी २ लाखांवर थांबायला सांगितलं आहे, बाकीचं पेन्शन आणि तूर-कापूस बघतील. मामी तेव्हा ८१ च्या असतील.

स्वतःचा आकडा मोबाईलच्या शीटमध्ये असा टाका:

```
=LN(1-4000000*(0.08-0.06)/320000)/LN(1.06/1.08)
```

उत्तर १५.३९ येतं. ४० लाख, व्याज, महागाई आणि पहिल्या वर्षीचा खर्च यांच्या जागी आपले आकडे घाला. शेवटच्या कंसात महागाई आणि व्याज दोन्ही बदलायला विसरू नका. व्याज आणि महागाई सारखेच असतील तर हे सूत्र चालत नाही, तेव्हा जमेला खर्चानं भागा, साधारण तेवढी वर्षं. आणि व्याज महागाईपेक्षा जास्त धरलेलं असताना एरर आली, तर तुमचा खर्च इतका कमी आहे की पैसा संपतच नाही. मेसेजमधले आकडे टाकून ती एरर येत नाही.