दुप्पट करून तीस मिळवा: जुळतं खरं, पण कशाशी?

«शाळेतलं 9/5 आणि 32 विसरा! सेल्सिअसचं फॅरनहाइट करायला दुप्पट करून 30 मिळवा. उलट जायला 30 वजा करून निम्मे करा. पडताळा घ्या: 10 चे 50, आणि 50 चे परत 10. उलटसुलट जुळलं म्हणजे सूत्र शंभर टक्के बरोबर. आणि एका बाजूने जुळलं की दुसऱ्या बाजूने जुळतंच, परत तपासत बसू नका. मुलांना पाठवा.»

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर हे फिरतंय आणि मुलांना खरंच पाठवलं जातंय. दहावी मराठी माध्यमातून करून पीयूसीला गेलेल्या मुलांना त्याच वर्गांत व्यस्त फल, म्हणजे तिथलं इन्व्हर्स फंक्शन, शिकायचं असतं. म्हणून यातलं काय चालतं आणि काय नाही, ते एकदा नीट बघू.

दुप्पट करून 30 मिळवायची युक्ती हवेपुरती ठीक आहे, मीही वापरतो. अमेरिकेतला भाचा फोनवर विचारतो, 'मामा, बेळगावात किती आहे?' 25 असेल तर मी 80 सांगून मोकळा होतो. खरं उत्तर 77, पण त्याने काही बिघडत नाही. चूक किती पडते तेही नेमकं काढता येतं. 2C + 30 मधून खरं 1.8C + 32 वजा केलं की 0.2C − 2 उरतं. 10 अंशांवर ही चूक शून्य, 20 वर 2, 40 वर 6, आणि पुढे वाढतच जाते. मेसेजवाल्याने पडताळ्यासाठी नेमका 10 च का घेतला हे आता कळेल. दोन्ही सूत्रं फक्त तिथेच एकमेकांना भेटतात.

आता 'उलटसुलट जुळलं म्हणजे सूत्र बरोबर' हे बघू. जुळतं यात शंकाच नाही. C ची दुप्पट करून 30 मिळवले, मग 30 काढून निम्मे केले, तर C च येणार. पण मी सांगितलं की तिप्पट करून 7 मिळवा आणि परत येताना 7 काढून तिसरा भाग घ्या, तर तेही जुळेल. 25 चे 82, आणि 82 चे परत 25. म्हणून 25 सेल्सिअस म्हणजे 82 फॅरनहाइट होत नाही. एकापुढे एक फल लावून, म्हणजे कॉम्पोझिशन करून, मूळ आकडा परत आला की एवढंच कळतं की दुसरं सूत्र पहिल्याचं इन्व्हर्स आहे. पहिलं सूत्र मुळात तापमानाचं आहे का, याचं उत्तर त्या पडताळ्यात नसतंच. घरातून निघून चुकीच्या गावाला गेलात आणि त्याच वाटेने परत आलात, तर घर बरोबर सापडतं. गाव बरोबर होतं असं त्यातून ठरत नाही.

गाव बरोबर आहे का हे ठरवायला बाहेरचे दोन खुंटे लागतात, आणि ते पाण्याकडून मिळतात: साध्या हवेच्या दाबाला बर्फ वितळतो ते 0 आणि 32, पाणी उकळतं ते 100 आणि 212. सेल्सिअसच्या 100 घरांत फॅरनहाइटची 180 घरं बसतात, म्हणून एका अंशामागे 180/100, म्हणजे 9/5. आणि सुरुवात 32 पासून, म्हणून

F = (9/5)C + 32

सरळ रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा शोधायला नको. युक्तीचं सूत्र या दोन बिंदूंवर लावून पाहा: 0 चे 30 येतात आणि 100 चे 230. दोन्ही खुंटे हुकले.

इन्व्हर्स काढायचा तर याच समीकरणात C एकटा करायचा. C वर आधी 9/5 ने गुणाकार झाला, मग 32 मिळवले. सोडवताना शेवटी केलेलं आधी काढायचं: F − 32, मग त्याला 5/9 ने गुणायचं.

C = (5/9)(F − 32)

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चिन्हं उलटी करायची पण क्रम तोच ठेवायचा: C = (5/9)F − 32. उत्तरपत्रिकेत ही ओळ इतकी नीटनेटकी दिसते की घाईत तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटावी. कॉम्पोझिशन मात्र तिला सोडत नाही. F च्या जागी (9/5)C + 32 घाला: (5/9)(9/5)C चे C होतात, (5/9) × 32 म्हणजे 17.8 च्या आसपास, त्यातून 32 गेले. उरतं C − 14.2. म्हणजे कुठलंही तापमान घ्या, उत्तर तेवढ्याच चौदा-सव्वाचौदा अंशांनी कमी येणार.

म्हणून मी मुलांना आकडे घालून नव्हे, अक्षर ठेवून तपासायला सांगतो. अक्षराचा पडताळा नुसतं 'चुकलं' म्हणून थांबत नाही, कुठे चुकलं तेही सांगतो. शेवटी C शाबूत राहिला आणि शेजारी एक आकडा उरला, तर गुणक बरोबर आहे आणि घोळ 32 च्या जागेत किंवा क्रमात आहे. C च्या मागे 1 सोडून दुसरा गुणक आला, तर 9/5 आणि 5/9 कडे बघा.

हे प्रत्यक्षात कुठे बाधतं? तर लोक जाताना खरं सूत्र आणि येताना मेसेजातलं वापरतात तेव्हा. थर्मामीटर फॅरनहाइट दाखवतो तो खऱ्या सूत्रानेच, त्याला आपली युक्ती माहीत नसते. परत सेल्सिअस करतो ते आपण, निम्मे करून. हे दोन्ही एकापुढे एक लावा: (1.8C + 32 − 30)/2, म्हणजे 0.9C + 1. C च्या मागे 0.9 आला, म्हणजे गुणक बिघडलेला. हे C इतकं फक्त C = 10 ला होतं.

आता पोराला ताप आहे. थर्मामीटर 104 दाखवतो. मेसेजाप्रमाणे 30 काढले, 74 राहिले, निम्मे 37. आणि 37 म्हणजे ताप नाहीच, असं प्रत्येकाला पाठ. खरं उत्तर (104 − 32) × 5/9, म्हणजे 72 × 5/9, म्हणजे 40. पोर फणफणलंय आणि कागदावर ताप नाही! निदान तापाच्या बाबतीत तरी हा मेसेज पुढे पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उद्यमबागेतल्या ओतकामाच्या शेडमध्ये हाच हिशेब आणखी महागात जाईल. परदेशी गिऱ्हाइकाच्या कागदावर बिडाचा रस ओतायचं तापमान 2552 फॅरनहाइट लिहिलंय असं धरा. खऱ्या सूत्राने ते बरोबर 1400 सेल्सिअस. निम्मे करणाऱ्याला मिळतील 1261. बीड थिजायला लागतं ते साधारण साडेअकराशे ते बाराशेच्या दरम्यान, आणि लॅडलमधून साच्यापर्यंत जाईतो रस आणखी उतरतो. एवढ्या थंड रसाने पातळ भिंतीचा साचा भरत नाही. दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होत नाही, कास्टिंगवर सांधा दिसतो आणि नग भंगारात जातो. तिथेही 0.9C + 1 च आहे: 1400 चे 1260, अधिक 1.

एकाच आकड्यावर तपासायची सवय का वाईट, याचं सगळ्यांत गमतीचं उदाहरण म्हणजे −40. तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट सारखेच असतात. म्हणून सेल्सिअसचं फॅरनहाइट करणारं सूत्र −40 वर दोनदा लावलं तरी −40 च येतं. एवढ्यावरून कोणी म्हणेल, हे सूत्र स्वतःचंच इन्व्हर्स आहे. अक्षर ठेवून दोनदा लावा, 3.24C + 89.6 येतं, आणि तो दावा तिथेच संपतो. स्वतःचंच इन्व्हर्स असलेलं सूत्र खरंच पाहायचं असेल तर ते सेल्सिअसच्याच इतिहासात आहे. 1742 मध्ये त्याने मांडलेल्या मोजपट्टीत पाणी 0 ला उकळत होतं आणि 100 ला गोठत होतं. ती पुढे उलटवली गेली. जुन्यातून नव्यात जायला 100 − x, नव्यातून जुन्यात जायलाही 100 − x, आणि दोनदा लावलं की कुठल्याही x ला x च परत.

राहिलं 'एका बाजूने जुळलं की पुरे'. कागदावरच्या सरळ रेषेच्या सूत्रांना हे लागू आहे, तेवढं श्रेय देतो. पण आपण उत्तरं पूर्णांकात लिहितो, आणि तिथे ते मोडतं. 37 सेल्सिअस घ्या: 98.6, म्हणून 99 लिहिलं. 99 चे परत 37.2, म्हणजे 37. 38, 39, 40 ही असेच आपापल्या जागी परत येतात. एका फॅरनहाइट अंशात सेल्सिअसचा जेमतेम 0.56 अंश मावतो. अर्ध्या फॅरनहाइटपर्यंत चूक झाली तरी ती 0.28 सेल्सिअसपुढे जात नाही आणि पूर्णांक करताना पुसली जाते.

आता दुसऱ्या बाजूने निघा. 98 फॅरनहाइटचे 36.7, लिहिले 37. 37 चे परत 98.6, म्हणजे 99. निघालो 98 ला, पोचलो 99 ला. 101 चे 38, आणि 38 चे परत 100. 103 चे 39, आणि 39 चे परत 102. 180 घरं 100 घरांत कोंबल्यावर काहींना एकाच घरात राहावं लागणारच: 98 आणि 99 दोघेही 37 मध्ये गेले, आता 37 ने परत कोणाला पाठवायचं? म्हणून पीयूसीत दोन्ही क्रमांनी कॉम्पोझिशन करून दाखवायला लावतात, तो नुसता मार्कांसाठीचा सोपस्कार नाही.

घरी तापाचा तक्ता ठेवत असाल तर फॅरनहाइटवरून सेल्सिअस करताना दशांशानंतरचा एक आकडा राहू द्या. 101 चे 38.3 लिहिलेत तर परत करताना 100.94 येतात, म्हणजे 101 च, आणि 98 चे 36.7 होऊन परत 98 च मिळतात.